खेळ आधी, सामान मागून

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. माझा भाचा संगमनेरला वसतिगृहात राहतो, त्याचा फोन आला. मित्राने सांगितलेला एक रेसिंग गेम त्याला घ्यायचा होता. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली आकडा होता १.१ जीबी. भाच्याच्या रोजच्या दीड जीबी डेटापैकी निम्मा तोवर संपलेला, आणि फोनमध्ये मोकळी जागा जेमतेम दोन जीबी. त्याने डाउनलोड सुरू केलं, ते चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं आणि मग त्याने स्वतःच थांबवलं. मला म्हणाला, “मामा, मला फक्त पहिला ट्रॅक खेळून बघायचा होता. त्यासाठी सगळाच्या सगळा गेम कशाला उतरवावा लागतो?”

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तरही तितकंच सरळ आहे: उतरवावा लागत नाही. गेम बनवणाऱ्यांनी आधी विचार केला असता, तर पहिला ट्रॅक आधी आला असता आणि बाकीचे नंतर, लागतील तसे. अँड्रॉइडवर ही सोय गूगल प्लेनेच करून ठेवलेली आहे. ती वापरायची कशी आणि तिच्यात पाय कुठे घसरतो, ते एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत पाहू.

वजन कशाचं असतं?

गेममध्ये सगळ्यात जड असतात ती चित्रं. गाडीचा रंग, रस्त्याचं डांबर, झाडाची साल, दुकानाची पाटी, या सगळ्यांवर चित्रं चढवलेली असतात. गेमवाले त्यांना टेक्स्चर म्हणतात. एक मोठं टेक्स्चर २०४८ गुणिले २०४८ ठिपक्यांचं असतं. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर हे एकच चित्र १६ एमबीचं होतं. म्हणून ती दाबून ठेवतात. आजच्या बहुतेक फोनना चालणाऱ्या एएसटीसी नावाच्या पद्धतीत, ६ गुणिले ६ ठिपक्यांचा चौकोन १६ बाइटमध्ये बसवला, की तेच चित्र दोन एमबीच्या आत येतं. इतकं दाबूनही एका गेममध्ये अशी शेकडो चित्रं असतात. त्यात संगीत, आवाज आणि मॉडेल्स मिळवली की शेकडो एमबी सहज भरतात.

हा आकडा नुसता आकडा राहत नाही. १०० एमबीच्या आतल्या अ‍ॅप्सचा अभ्यास करून गूगल प्लेच्या लोकांनी २०१७ साली सांगितलं होतं, की आकार ६ एमबीने वाढला की अ‍ॅपच्या पानावर आलेल्यांपैकी ते इन्स्टॉल करणाऱ्यांचं प्रमाण साधारण एका टक्क्याने घटतं. माझा भाचा त्या घटीतलाच एक.

पूर्वी यावर धड उपाय नव्हता. प्ले स्टोअरवर एपीके फाइल १०० एमबीपर्यंतच चालायची. त्यापुढचं सामान ओबीबी नावाच्या जोडफाइलींमध्ये भरायचं, अशा दोन फाइली, प्रत्येकी २ जीबीपर्यंत. म्हणजे सामानाची पेटी वेगळी झाली खरी, पण ती फोडून हवं तेवढंच घ्यायची सोय तिच्यात नव्हती. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नव्या अ‍ॅपसाठी ‘अँड्रॉइड अ‍ॅप बंडल’ हा प्रकार सक्तीचा झाला. त्यासोबत ओबीबीची जागा ‘प्ले अ‍ॅसेट डिलिव्हरी’ने घेतली. या व्यवस्थेत गेमच्या सामानाचे वेगवेगळे पॅक करता येतात, आणि कुठला पॅक केव्हा पाठवायचा हे पॅकगणिक ठरवता येतं.

पॅक पोचवायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा इन्स्टॉल-टाइम. हा पॅक गेमसोबतच येतो, आणि तो आल्याशिवाय गेम उघडत नाही. गेम उघडल्यावर मात्र तो जागेवर असणारच याची खात्री असते.

दुसरी फास्ट-फॉलो. गेम इन्स्टॉल झाला की हा पॅक आपोआप मागून येऊ लागतो, त्यासाठी गेम उघडायचीही गरज नसते. तो पूर्ण यायच्या आत खेळाडूने गेम उघडला, तरी त्याला कुणी अडवत नाही.

तिसरी ऑन-डिमांड. गेमने मागितल्याशिवाय हा पॅक फोनवर येतच नाही.

तिन्हींमध्ये फक्त चित्रं, आवाज, नकाशे असं सामान ठेवता येतं. चालणारा प्रोग्राम यात ठेवता येत नाही, तो मूळ भागातच राहतो. आणि कुठला पॅक कुठल्या तऱ्हेचा, हे सांगायला चार ओळी पुरतात. प्रत्येक पॅकचा एक फोल्डर असतो आणि त्यातल्या `build.gradle` फाइलमध्ये असं लिहायचं:

```
plugins {
    id 'com.android.asset-pack'
}
assetPack {
    packName = "rasta3"
    dynamicDelivery {
        deliveryType = "on-demand"
    }
}
```

शेवटच्या `deliveryType` मध्ये `install-time`, `fast-follow` किंवा `on-demand` यांपैकी एक शब्द येतो. लिहिणं एवढंच. डोकं लागतं ते सामानाची वाटणी करताना.

एका ट्रकच्या गेमचा हिशेब

समजा, चार जणांच्या एका छोट्या चमूने ट्रक चालवायचा गेम केला आहे. त्यात पाच रस्ते आहेत. एकावर माल पोचवला की पुढचा खुला होतो. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल घेऊ. मूळ प्रोग्राम आणि मेनू ४५ एमबी. पहिला रस्ता आणि पहिला ट्रक मिळून ६५. सगळ्या रस्त्यांवर लागणारं समाईक सामान, म्हणजे टायर, दिशादर्शक पाट्या, झाडं, ३०. उरलेले चार रस्ते प्रत्येकी ९०, म्हणजे ३६०. विकत घ्यायचे जादा ट्रक ६०. मराठी, हिंदी आणि इंग्रजीतले क्लीनरचे आवाज प्रत्येकी २०, म्हणजे ६०. एकूण बेरीज ६२० एमबी.

वाटणीची कसोटी एकच: नव्या खेळाडूला पहिल्या दहा-बारा मिनिटांत काय दिसतं आणि काय ऐकू येतं? मेनू, पहिला ट्रक, पहिला रस्ता आणि समाईक सामान. हे १४० एमबी इन्स्टॉल-टाइममध्ये गेले. क्लीनरचा आवाज पहिल्या रस्त्यावर नसला तरी चालतं, कारण सूचना पडद्यावर लिहून येतात. खेळाडूने भाषा निवडली की त्या एकाच भाषेचा २० एमबीचा पॅक मागवायचा, बाकीच्या दोन भाषा त्याच्या फोनवर कधी येणारच नाहीत. जादा ट्रकही ऑन-डिमांड, कारण निम्म्याहून जास्त खेळाडू ते उघडूनही पाहणार नाहीत असं चमूने गृहीत धरलं.

अडलं ते दुसऱ्या रस्त्यापाशी. पहिल्यानंतर तो लगेच लागणार, म्हणून चमूने तो फास्ट-फॉलोमध्ये टाकला. वरवर पाहता हे बरोबरच. पण फास्ट-फॉलो पॅकही स्टोअरवर दाखवल्या जाणाऱ्या आकारात धरला जातो. म्हणजे गेमच्या पानावर १४० न दिसता २३० एमबी दिसणार. शिवाय ज्याने गेम इन्स्टॉल केला पण उघडलाच नाही, त्याच्याही डेटातून ९० एमबी जाणार. माझ्या भाच्यासारख्याचा निर्णय त्या आकड्याकडे बघूनच होतो. म्हणून चमूने दुसरा रस्ताही ऑन-डिमांड केला आणि तो मागायची वेळ स्वतःच्या हातात ठेवली.

मागायची नेमकी वेळ

ऑन-डिमांड पॅक कधी मागायचा, इथे खरं कसब लागतं. गेम उघडल्या उघडल्या मागितला, तर दोन मिनिटांत कंटाळून निघून जाणाऱ्याचाही डेटा खर्च होतो. दुसऱ्या रस्त्याचं बटण दाबल्यावर मागितला, तर खेळात रंगलेल्या माणसाला पट्टी सरकताना बघत बसावं लागतं.

चमूने वेळ मोजून पाहिला. पहिला रस्ता साधारण १२ मिनिटांत संपतो, त्यातली पहिली ३ मिनिटं गियर आणि ब्रेक शिकण्यात जातात. शिकवणी पूर्ण करणारा खेळाडू पुढे खेळण्याची शक्यता चांगली. तेव्हा पॅक शिकवणी संपताक्षणी मागायचा, म्हणजे हातात ९ मिनिटं राहतात. आता ९० एमबी म्हणजे ७२० मेगाबिट. नेटचा वेग सेकंदाला ८ मेगाबिट असेल तर दीड मिनिटात काम होतं. वेग २ मेगाबिटवर आला, तर ६ मिनिटं लागतात. तरीही खेळाडू घाट उतरेपर्यंत दुसरा रस्ता फोनवर येऊन बसलेला असतो, आणि त्याला याचा पत्ताही लागत नाही.

वेग १ मेगाबिट असेल तर मात्र १२ मिनिटं लागतात आणि ९ पुरत नाहीत. अशा वेळी पडद्यावर नुसती ‘कृपया थांबा’ची पाटी लावणं हा सगळ्यात वाईट उपाय. चमूने पहिल्याच रस्त्यावरून रात्रीच्या परतीची एक जादा खेप ठेवली. तिच्यासाठी नवं काही डाउनलोड करावं लागत नाही, रस्ता तोच, फक्त उजेड वेगळा. पॅक आला नसेल तर गेम ही खेप पुढे करतो आणि कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘९० पैकी ६१ एमबी आले’ असं दाखवत राहतो. आकडा दाखवणं महत्त्वाचं आहे, कारण डेटा खेळाडूच्या खिशातला आहे. रोजच्या दीड जीबीतले ९० एमबी म्हणजे सहा टक्के.

तिसरा, चौथा आणि पाचवा रस्ता मिळून २७० एमबी होतात. हे तिन्ही एकाच पॅकमध्ये बांधायचा मोह होतो, कारण मागणी एकदाच करावी लागते. पण २०० एमबीहून मोठं डाउनलोड असेल आणि फोन वाय-फायवर नसेल, तर प्ले स्टोअर ते आपणहून सुरू करत नाही. खेळाडूने ‘मोबाइल डेटा चालेल’ असं स्पष्ट सांगेपर्यंत पॅकची स्थिती `WAITING_FOR_WIFI` अशीच राहते. गेमने ती स्थिती ओळखून परवानगीची खिडकी उघडायची असते. ती उघडायचं राहून गेलं, तर खेळाडूला शून्यावर अडकलेली पट्टी दिसते आणि गेम बिघडला असं वाटतं. वसतिगृहातल्या मुलाकडे वाय-फाय नसतोच, म्हणजे ती पट्टी कधीच हलणार नाही. ९०-९० चे तीन वेगळे पॅक केले की हा प्रसंग येत नाही. तरी परवानगीची खिडकी लिहून ठेवावीच, उद्या एखादा रस्ता फुगू शकतो.

कुठे फसतं आणि ते ओळखायचं कसं

सगळ्यात जास्त होणारी चूक डोळ्यांना दिसत नाही. समजा टायरचं टेक्स्चर समाईक पॅकमध्ये ठेवायचं राहिलं. प्रत्येक रस्त्याला टायर लागतोच, म्हणून पॅक बांधणारं साधन ते चित्र पाचही रस्त्यांच्या पॅकमध्ये एकेकदा भरतं. गेम नीट चालतो, चाचणीत काही बिघडत नाही, फक्त वजन वाढतं. ओळखायची खूण म्हणजे बेरीज. वाटणीआधी ६२० असलेलं सामान वाटणीनंतर सगळे पॅक मिळून ७०० भरत असेल, तर काहीतरी पुन्हा पुन्हा भरलं जातंय. मग अँड्रॉइड स्टुडिओत बंडल उघडून, दोन पॅकमध्ये एकाच आकाराच्या फाइली कुठल्या आहेत ते पाहायचं आणि त्या समाईक पॅकमध्ये हलवायच्या.

दुसरी फसगत चाचणीत होते. गूगलच्या `bundletool` या साधनाने बंडल आपल्या फोनवर टाकून पाहता येतो:

```
bundletool build-apks --bundle=truck.aab \
    --output=truck.apks --local-testing
bundletool install-apks --apks=truck.apks
```

यातल्या `--local-testing` मुळे ऑन-डिमांड पॅकही फोनवरच आणून ठेवले जातात. गेमने मागितले की ते तिथूनच उचलले जातात, इंटरनेट लागतच नाही. म्हणून इथे पॅक नेहमी पटकन मिळतो आणि वाय-फायची वाट बघायचा प्रसंग कधी येत नाही. मागणीचा प्रोग्राम बरोबर लिहिला आहे का, एवढंच ही चाचणी सांगते. कमकुवत नेटवर गेम कसा वागेल हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी गेम प्ले स्टोअरच्या अंतर्गत चाचणीत चढवून तिथूनच उतरवावा लागतो.

तिसरी गोष्ट जागेची. पॅक उतरतो, मग उलगडून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवला जातो. फोन भरलेला असेल तर मागणी `INSUFFICIENT_STORAGE` असं उत्तर देऊन थांबते. इथे गेम खेळाडूला खरी मदत करू शकतो. पहिला आणि दुसरा रस्ता पूर्ण झाला असेल, तर ‘दुसरा रस्ता काढून ९० एमबी जागा करू का?’ असं विचारता येतं. ऑन-डिमांड पॅक काढून टाकायची आज्ञा गेमच्याच हातात असते, आणि पुन्हा हवा झाला तर तो पुन्हा मागवता येतो. पहिला रस्ता मात्र असा काढता येत नाही, कारण तो इन्स्टॉल-टाइममध्ये आहे. गेममध्ये जे कायमचं ठाण मांडून बसणार, तेच इन्स्टॉल-टाइममध्ये ठेवायचं, याचं हे आणखी एक कारण.

म्हणूनच एकदा आलेला पॅक कायम तिथे असेलच, असं गृहीत धरायचं नाही. गेमची नवी आवृत्ती आली की प्ले स्टोअर सहसा पॅकही सोबत नवे करतं. पण फोनवर जागा अपुरी असेल तर आधी गेम नवा होतो आणि पॅक पुन्हा मागावा लागतो. तेव्हा प्रत्येक रस्त्यात शिरण्याआधी पॅक कुठे आहे हे विचारायचं. उत्तर रिकामं आलं तर मागवायचा, आला असेल तर रस्ता उघडायचा. ही तपासणी विसरली की काळ्या रस्त्यावर रंग नसलेला ट्रक उभा राहतो, नाहीतर गेम बंद पडतो. आणि हा दोष नेमका जुन्या, नियमित खेळाडूंच्याच फोनवर दिसतो, नव्यांच्या नाही.

सोयीची मर्यादा

ही व्यवस्था सगळ्यासाठी नाही. पॅक गेमच्या आवृत्तीला बांधलेले असतात. तिसऱ्या रस्त्यावरच्या एका पाटीचं शुद्धलेखन सुधारायचं, तरी नवा बंडल स्टोअरवर चढवावा लागतो. दर आठवड्याला नवं सामान द्यायचं असेल, तर स्वतःच्या सर्व्हरवरून द्यावं लागतं, आणि त्याचा खर्चही स्वतःलाच करावा लागतो. प्ले स्टोअर पॅक पोचवण्याचे वेगळे पैसे घेत नाही. छोट्या चमूला हे फार मोठं पाठबळ आहे.

शिवाय पॅक प्ले स्टोअरमधून घेतलेल्या गेमलाच मिळतात. मित्राच्या फोनवरून शेअर करून घेतलेला ट्रकचा गेम उघडेल, पहिला रस्ता चालेलही, पण दुसरा रस्ता कधीच येणार नाही. अशा खेळाडूला ‘पुढचे रस्ते मिळवण्यासाठी गेम प्ले स्टोअरवरून घ्या’ असं स्वच्छ मराठीत सांगणारा पडदा हवा. ‘अज्ञात त्रुटी’ म्हणून त्याला सोडून देऊ नये.

आयफोनवरही हा विचार नवा नाही. २०१५ साली आयओएस ९ सोबत अ‍ॅपलने ऑन-डिमांड रिसोर्सेस आणले. त्यातही आधी येणारं, मागून येणारं आणि मागितल्यावर येणारं, असे तीनच कप्पे होते. दोन्हीकडे नावं वेगळी, पण वाटणीची अक्कल तीच लागते.

गेम बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. गेम प्रसिद्ध करण्याच्या आदल्या आठवड्यात दोन वर्षं जुना, स्वस्तातला एक फोन घ्या. त्यात एक जीबीच जागा मोकळी ठेवा. वाय-फाय बंद करा, सिममधल्या डेटावर गेम उतरवा आणि घड्याळ लावून पहिला रस्ता खेळा. बाराव्या मिनिटाला दुसरा रस्ता तयार असेल, तर तुमची वाटणी जमली. नसेल तर पहिल्या डाउनलोडमधलं काय काढायचं आणि कुठला पॅक केव्हा मागायचा, ते तोच फोन तुम्हाला सांगेल.